रोजची भरपूर कॉफी, कॅल्शियमची घट आणि उतारवयातील स्त्रियांची हाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर हे चहाचे गाव. मग कॉफीविषयी एवढे प्रश्न का येतात?

चहाचे गाव ही ओळख अजून खरी असली, तरी गेल्या काही वर्षांत साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांच्या घरी कॉफी रोजची झाली आहे. आम्हाला येणाऱ्या प्रश्नांमागे बहुतेक वेळा एकच क्रम दिसतो. तपासणीत मधुमेह किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल निघते, साखर आणि साय बंद करायला सांगितले जाते, दुधाचा गोड चहा सुटतो आणि त्याची जागा बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी घेते. त्यात साखर नाही, चरबी नाही, म्हणून ती दिवसातून चार-पाच वेळा घेतली तरी कुणाला खटकत नाही. पुढे कधीतरी कंबर दुखते, हाडांची तपासणी होते, अहवालात हाडे ठिसूळ झाल्याचे दिसते आणि कॉफीने हाडे खाल्ली का, हा प्रश्न उभा राहतो.

या पानावर आम्ही मुख्यतः याच परिस्थितीचा विचार केला आहे, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षे झालेली स्त्री, भरपूर कॉफी आणि आहारात कमी झालेले दूध. तरुण किंवा गरोदर स्त्रियांसाठी कॉफीचे हिशेब वेगळे असतात. ते येथे दिलेले नाहीत.

कॉफीमुळे शरीरातले कॅल्शियम खरोखर बाहेर पडते का?

पडते. कॉफीतील कॅफीन मूत्रपिंडावर काम करते. रक्त गाळले जात असताना त्यातले बरेचसे सोडियम आणि कॅल्शियम मूत्रपिंडे परत शोषून घेतात. कॅफीनमुळे हे परत घेणे काही काळ मंदावते आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते. हा परिणाम कॉफी घेतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वांत ठळक असतो. याखेरीज आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्याच्या क्रियेतही कॅफीनमुळे किंचित घट होते.

मात्र "बाहेर पडते" एवढे ऐकून घाबरण्याआधी किती बाहेर पडते, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील ओमाहा येथे रॉबर्ट हीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे स्त्रियांच्या खाण्यातले कॅल्शियम आणि मलमूत्रातून गेलेले कॅल्शियम मोजून ताळेबंद मांडले. सहभागी स्त्रियांमध्ये कॅथॉलिक नन्स मोठ्या संख्येने होत्या. १९९५ मध्ये या मोजमापांचा पुन्हा हिशेब केला तेव्हा सुमारे १८० मिलिलिटरच्या एका कप कॉफीमागे ताळेबंदात पडणारी तूट पाच मिलिग्रॅमपेक्षा थोडी कमी निघाली. उतारवयातील स्त्रीची दिवसाची गरज १,२०० मिलिग्रॅम मानली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे एका कपाचा परिणाम किती लहान आहे ते कळते.

एवढीशी तूट असेल, तर काळजी कशाची?

काळजी दोन कारणांनी. पहिले म्हणजे ही तूट दररोज आणि वर्षानुवर्षे पडत राहते. पाच कपांचे दिवसाला २५ मिलिग्रॅम धरले, तर वर्षाला सुमारे नऊ ग्रॅम होतात. स्त्रीच्या सांगाड्यात ढोबळमानाने ८०० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे भरपाई अजिबात झाली नाही असे मानले तर दरवर्षी एक टक्क्याहून थोडे अधिक. हा केवळ कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात शरीर काही प्रमाणात जुळवून घेते आणि नुकसान इतके सरळ रेषेत होत नाही. तरीही लहान तुटीची मोठी रक्कम कशी होऊ शकते, हे त्यातून दिसते.

दुसरे कारण वयाचे. तरुणपणी कॅल्शियम थोडे कमी पडले, तर आतडी आहारातून जास्त शोषून घेतात आणि तूट भरून निघते. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटते, वाढत्या वयाबरोबर आतड्यांची ही क्षमताही कमी होते. मग रक्तातील पातळी टिकवण्यासाठी शरीराला हाडांतून कॅल्शियम काढावे लागते. पंचविशीतल्या मुलीला जी कॉफी काहीच करत नाही, ती सत्तरीतल्या तिच्या आजीच्या हिशेबात दिसू शकते, याचे कारण कॉफीत नसून दोघींच्या वयात आहे.

मग दुधाची कॉफी आणि काळी कॉफी यांत हाडांच्या दृष्टीने फरक पडतो का?

आमच्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत मोठा फरक हाच आहे.

हीनी यांनी २००२ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. एका कपामुळे पडणारी तूट एक-दोन मोठे चमचे दुधाने पूर्ण भरून निघते, असा त्याचा निष्कर्ष होता. पडताळून पाहणे सोपे आहे. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर दूध. त्यात ३५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि त्यातले सुमारे पाव, म्हणजे आठ-नऊ मिलिग्रॅम, अंगी लागते. कपामागची तूट पाचाच्या आत आहे. म्हणजे आपल्याकडे ज्याला दुधाची कॉफी म्हणतात, त्यातले दूध कॉफीने घालवलेले कॅल्शियम भरून वर बरेच काही देऊन जाते.

माणसांच्या पाहणीतही हेच दिसले. कॅलिफोर्नियातील रँचो बर्नार्डो या वसाहतीत पाळी गेलेल्या ९८० स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आयुष्यभर रोज साधारण दोन कप कॉफी घेतली होती, त्यांच्या हाडांची घनता कमी आढळली. पण हा संबंध दूध नियमित न पिणाऱ्यांमध्येच होता. प्रौढ वयातील बहुतेक काळ रोज किमान एक पेला दूध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉफी आणि हाडांची घनता यांत असा संबंध दिसला नाही.

काळ्या कॉफीने घालवलेले कॅल्शियम जास्त, की बंद झालेल्या दुधातले?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडले आहे. ती कुणी एक विशिष्ट व्यक्ती नाही.

राजारामपुरीत राहणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिका आहेत. पाच वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. त्याआधी त्या दिवसातून पाच वेळा दुधाची कॉफी घेत आणि प्रत्येक वेळी साधारण १०० मिलिलिटर म्हशीचे दूध पोटात जाई. आता पाचही मग काळे असतात आणि प्रत्येकात इन्स्टंट पावडरचे दोन चमचे असतात, म्हणजे मगामागे अंदाजे १०० मिलिग्रॅम कॅफीन. दिवसाचे ५०० मिलिग्रॅम झाले. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंतेचे नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटले होते. या बाई ती मर्यादा ओलांडतात.

त्यांचे बाकीचे खाणे असे आहे. सकाळी पोहे किंवा उपीट, दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, आमटी, वांगे किंवा दोडक्यासारखी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी, रात्री भात, वरण आणि पुन्हा भाजी, शिवाय दुपारी एक वाटी दही. या सर्वांतून मिळणारे कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यातला सर्वांत मोठा एकटा वाटा दह्याच्या वाटीचा असतो. ज्वारी, तांदूळ आणि डाळी यांत कॅल्शियम फारसे नाही.

आता हिशेब मांडू. पूर्वीच्या पाच कॉफ्यांमधून अर्धा लिटर दूध जात होते, म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम. त्यातला पाव भाग शोषला गेला असे धरले तरी रोज १५० मिलिग्रॅम अंगी लागत होते, ते थांबले. कॅफीनमुळे जाणारे रोजचे कॅल्शियम २५ मिलिग्रॅम. ते तेव्हाही जात होते आणि आताही जाते. म्हणजे दूध सुटल्याने झालेले नुकसान कॉफीच्या नुकसानीच्या सहापट आहे. "कॉफीने हाडे खाल्ली" असे म्हणणाऱ्या घरात प्रत्यक्षात बहुधा हे घडलेले असते. कॉफी निर्दोष नाही, पण मुख्य जबाबदारी रिकाम्या झालेल्या दुधाच्या पातेल्याची आहे.

मग या बाईंनी काय बदलावे?

साखर टाळण्यासाठी दूध टाळणे गरजेचे नव्हते, हे आधी समजून घ्यावे लागेल. दुधात स्वतःची साखर असतेच, त्यामुळे ते जेवणाच्या हिशेबात धरावे लागते. पण बहुतेक मधुमेहींना ठरावीक प्रमाणात बिनसाखरेचे दूध चालते आणि ते प्रमाण त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. चरबीची चिंता असेल तर दूध तापवून गार झाल्यावर साय काढून टाकावी. कॅल्शियम सायीत नसते, ते दुधातच राहते. म्हणून साय काढलेले दूध हाडांसाठी कमी प्रतीचे ठरत नाही. कोल्हापुरात म्हशीचे दूध सहज मिळते आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दिलेले दूध पिण्याची सवयही जुनी आहे. दूध कुठून आणले यापेक्षा ते रोज किती पोटात जाते, हे या वयात महत्त्वाचे आहे. उतारवयात ते उकळूनच घेतलेले बरे.

या बाईंसाठी एक व्यवहार्य मांडणी अशी होते. पाच मगांऐवजी तीन, दोन चमच्यांऐवजी एक चमचा पावडर, आणि तीनपैकी दोन कॉफ्या प्रत्येकी १०० मिलिलिटर साय काढलेल्या दुधाच्या. रात्री झोपण्यापूर्वी एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, साधे दूध. एवढ्याने सुमारे ४८० मिलिग्रॅम वाढले. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांपैकी एक नाचणीची केली, किंवा सकाळी पोह्यांऐवजी नाचणीची आंबील घेतली आणि एकूण ६० ग्रॅम पीठ वापरले गेले, तर आणखी २०० मिलिग्रॅम. आठवड्यातून तीन-चार वेळा मेथी, राजगिरा किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी असावी. पूर्वीचे ३५० धरून एकूण १,०३० च्या वर जाते आणि पालेभाजीच्या दिवशी १,२०० गाठता येतात. कॅफीन ५०० वरून १५० च्या आसपास येते, आणि ते येताना बाईंना कॉफी सोडावी लागत नाही. कॉफी पूर्ण बंद करण्याचा सल्ला आम्ही सहसा देत नाही. आवडती गोष्ट तोडून दिली की दोन आठवड्यांत ती चोरून परत येते.

नाचणीविषयी एक सावधगिरी. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या डोंगराळ भागांत पिकणारी नाचणी कॅल्शियमच्या बाबतीत धान्यांमध्ये फार वरची आहे, शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम. मात्र तिच्यात फायटेटही असते आणि ते काही कॅल्शियम बांधून ठेवते. भिजवून मोड आणले किंवा आंबवले, तर फायटेट कमी होते. तरीही दुधाला पूर्ण पर्याय म्हणून तिच्यावर विसंबू नये. जोडीला ती उत्तम आहे.

पांढरा रस्सा किंवा पायाच्या सुपातून कॅल्शियम मिळत नाही का?

हाडे तासन्‌तास उकळली म्हणजे त्यातले कॅल्शियम रस्श्यात उतरते, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. प्रत्यक्ष मोजमापात अशा सुपात कॅल्शियम फार थोडे आढळते, कारण हाडातले खनिज पाण्यात सहजी विरघळत नाही; उतरतात ती मुख्यतः प्रथिने आणि चरबी. रस्सा आवडीने खावा, पण कॅल्शियमच्या हिशेबात धरू नये. याउलट काट्यासकट चावून खाल्ले जाणारे लहान मासे हिशेबात जरूर धरावेत.

पालकाची भाजी रोज केली तर दुधाची गरज राहील का?

पालकात कॅल्शियम दिसायला भरपूर असते, पण त्याच्यासोबत असलेले ऑक्झॅलेट ते बांधून ठेवते आणि अगदी थोडेच शोषले जाते. या कामासाठी मेथी आणि शेवग्याचा पाला पालकापेक्षा बरे.

चहानेही असेच होते का? मी दिवसातून सहा वेळा चहा घेते.

चहातही कॅफीन असते, पण आपल्या लहान कपात ते कॉफीपेक्षा बरेच कमी जाते आणि आपला चहा दुधाचा असतो. इंग्लंडमध्ये ६५ ते ७६ वर्षांच्या बाराशेहून अधिक स्त्रियांची पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली, तीत चहा पिणाऱ्यांच्या हाडांची घनता न पिणाऱ्यांपेक्षा थोडी जास्तच आढळली. त्यावरून चहा हाडांचे औषध ठरत नाही, कारण अशा पाहणीत चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयींचाही वाटा असू शकतो. पण हाडांच्या भीतीने दुधाचा चहा सोडण्याचे कारण नाही. सहा कपांत जाणारी साखर हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुतेकींच्या बाबतीत तोच मोठा असतो.

कॉफी जास्त पिणाऱ्या स्त्रियांची हाडे प्रत्यक्षात जास्त मोडतात का?

येथे उत्तर एकसारखे नाही आणि ते तसेच सांगायला हवे. अमेरिकेतील काही जुन्या पाहण्यांमध्ये रोज दोन कपांहून अधिक कॉफी आणि खुब्याचे हाड मोडणे यांत संबंध दिसला होता. १९९४ मध्ये बोस्टन येथील संशोधनात, कॅल्शियम ८०० मिलिग्रॅमपेक्षा कमी घेणाऱ्या आणि कॅफीन जास्त घेणाऱ्या वयस्क स्त्रियांच्या मणक्याची घनता लवकर घटताना आढळली. पुरेसे कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये तसे दिसले नाही. ओमाहातील २००१ च्या अभ्यासात ६५ ते ७७ वयाच्या स्त्रिया होत्या. त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्यांच्या मणक्याची झीज अधिक वेगाने होत होती.

दुसऱ्या बाजूला स्वीडनमध्ये साठ हजारांहून अधिक स्त्रियांचा दोन दशके मागोवा घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. दिवसाला चार किंवा अधिक कप घेणाऱ्यांच्या हाडांची घनता दोन ते चार टक्क्यांनी कमी होती, पण हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढलेले नव्हते.

स्वीडनमधील स्त्रियांच्या आहारात दूध आणि चीज मुबलक असते. आमच्या उदाहरणातील बाईंच्या आहारात ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम होते. म्हणून तिकडचे आश्वासक निष्कर्ष जसेच्या तसे इकडे लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. बोस्टनमधील कमी कॅल्शियम घेणाऱ्या गटाशी आपल्याकडील अनेक स्त्रियांची परिस्थिती अधिक जुळते.

माझ्या कॉफीत कॅफीन किती आहे, हे घरी कसे ओळखावे?

अचूक नाही, पण कामापुरते ओळखता येते. शुद्ध इन्स्टंट पावडरच्या दोन ग्रॅमच्या, म्हणजे किंचित भरलेल्या एका चमच्यात सुमारे ६० मिलिग्रॅम कॅफीन धरावे. फिल्टर कॉफीत ते डिकॉक्शन किती घट्ट आहे आणि किती ओतले यावर अवलंबून असते. बाजारातील अनेक पाकिटांत कॉफीसोबत चिकोरी असते आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरीत कॅफीन नसते, त्यामुळे जवळपास निम्मी चिकोरी असलेल्या पावडरीचे दोन चमचे शुद्ध कॉफीच्या एका चमच्याच्या आसपास येतात. कपांची संख्या मोजण्यापेक्षा आठवड्याभरात पावडरीची बरणी किती उतरली हे पाहिले, तर अधिक खरा आकडा मिळतो.

कॉफीपेक्षा मीठ जास्त कॅल्शियम घालवते, हे खरे आहे का?

बऱ्याच घरांत खरे ठरेल. मूत्रपिंडात सोडियम आणि कॅल्शियम एकमेकांच्या सोबतीने जातात. सुमारे सहा ग्रॅम मिठामागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लघवीतून जाते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे एक लहान चमचा मीठ हे आठ-नऊ कप कॉफीच्या तोडीचे झाले. जेवणात खर्डा, लोणचे, पापड आणि वरून मीठ असेल, तर केवळ कॉफी कमी करून फारसे हाती लागणार नाही. मीठ अर्थातच शून्य करता येत नाही. पण लोणचे आणि पापड यांपैकी एका वेळी एकच, एवढे पथ्य बहुतेकांना झेपते.

माझ्या रक्तातील कॅल्शियम तपासले, ते अगदी व्यवस्थित आले. म्हणजे हाडे चांगली आहेत ना?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. हृदय आणि स्नायू नीट चालण्यासाठी रक्तातील कॅल्शियम अरुंद मर्यादेत राहावे लागते. ते थोडे घसरू लागले की पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी भरून काढली जाते. म्हणजे हाडे झिजत असतानाच अहवाल "नॉर्मल" येऊ शकतो. हाडांची स्थिती पाहण्यासाठी डेक्सा नावाची तपासणी असते. तिच्या अहवालात टी-स्कोअर हा आकडा येतो. उणे एकपर्यंत तो सामान्य मानतात, उणे एक ते उणे अडीच यांदरम्यान हाडे विरळ झाली आहेत असे समजतात आणि उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर हाडे ठिसूळ, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

अहवाल वाचताना कंबर आणि खुबा दोन्हींचे आकडे पाहावेत. सत्तरीच्या आसपास मणक्यात झीज होऊन हाडाच्या कडा वाढलेल्या असतात. यंत्र त्याही मोजते आणि मणक्याचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. तेथे खुब्याचा आकडा अधिक विश्वासाचा. मोफत शिबिरांत टाचेवर यंत्र लावून जो आकडा दिला जातो, तो चाळणीपुरता उपयोगी आहे. त्यावरून औषध सुरू करू नये किंवा निर्धास्तही होऊ नये.

हाडांची आठवड्याची गोळी सुरू आहे. ती सकाळच्या कॉफीसोबत घेतली तर चालेल का?

अजिबात नाही. या पानावरील एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवावे. अलेन्ड्रोनेट नावाची गोळी, जी बहुधा ७० मिलिग्रॅमची असून आठवड्यातून एकदा दिली जाते, ती रिकाम्या पोटीसुद्धा फारच थोड्या प्रमाणात शोषली जाते. कॉफीसोबत घेतल्यास ते थोडे प्रमाणही सुमारे ६० टक्क्यांनी घटते. दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत तर ती जवळपास वाया जाते. वर्षभर गोळी घेऊनही घनता घसरत असेल, तर औषध निरुपयोगी आहे असे मानण्याआधी ती कशासोबत घेतली जाते हे विचारावे.

रीत अशी आहे. सकाळी उठल्यावर काहीही खाण्यापूर्वी एक पेला साध्या पाण्यासोबत गोळी गिळावी, चघळू नये. त्यानंतर किमान अर्धा तास काहीही खाऊ-पिऊ नये आणि आडवे होऊ नये. नाहीतर गोळीने अन्ननलिकेला इजा होऊ शकते. गिळताना त्रास होत असेल किंवा छातीत जळजळ वाढली असेल, तर गोळी थांबवून डॉक्टरांना सांगावे. कॉफी अर्ध्या तासानंतर, आणि कॅल्शियमची गोळी जेवणासोबत घ्यावी.

थायरॉइडच्या गोळीचेही साधारण असेच आहे. तीही साध्या पाण्यासोबत घ्यावी, कॉफी नंतर घ्यावी आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. दोन्ही औषधे सुरू असतील, तर आठवड्याच्या गोळीच्या दिवशी कोणती आधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्यावे.

आहार बदलण्यापेक्षा कॅल्शियमची गोळी घेतली तर सोपे नाही का?

आहारातून गरज भागत नसेल तर गोळीचा उपयोग आहे, पण ती फरक भरण्यापुरतीच. आहारातून ८०० मिलिग्रॅम जात असतील, तर उरलेल्या चारशेंसाठी रोज दोन-दोन गोळ्या घेण्याचे कारण नाही. पाकिटावरचा आकडाही नीट वाचावा. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम प्रत्यक्ष कॅल्शियम. एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त घेतले तर त्या मानाने शोषण वाढत नाही. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी, कारण तिला पोटातील आम्ल लागते. आम्लपित्ताची औषधे दीर्घकाळ सुरू असतील तर डॉक्टर दुसरा प्रकार सुचवू शकतात. मुतखडा होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंडांचा आजार असेल, तर स्वतःहून गोळी सुरू करू नये. ड जीवनसत्त्व कमी असेल तर गोळी आणि दूध या दोन्हींमधले कॅल्शियम नीट शोषले जात नाही, म्हणून त्याची रक्ततपासणी आधी करून घेतलेली बरी.

कॉफी कमी केली आणि दूध वाढवले. हाडांत फरक किती दिवसांत दिसेल?

लघवीतून जाणारे कॅल्शियम लगेच कमी होते, पण हाडांच्या घनतेतला बदल संथ असतो. तीन-चार महिन्यांनी डेक्सा पुन्हा करून काही कळत नाही, कारण यंत्राच्या मोजण्यातील चूकच त्या बदलाहून मोठी असू शकते. साधारण एक ते दोन वर्षांनी, शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच यंत्रावर तपासणी केली तरच दोन आकड्यांची तुलना करता येते. आहारातील बदलाने या वयात घनता फारशी वाढत नाही. घसरण मंदावली तरी तो बदल उपयोगी पडला असे समजावे. टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली असेल किंवा साध्या पडण्याने एखादे हाड मोडलेले असेल, तर केवळ दूध आणि कॉफीच्या हिशेबावर थांबू नये, तेथे औषध लागते.

मधल्या काळात कोणत्या खुणांकडे लक्ष ठेवावे?

हाडे विरळ होताना दुखत नाहीत, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये. दर सहा महिन्यांनी भिंतीला पाठ लावून उंची मोजावी आणि लिहून ठेवावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, पाठीला पोक येऊ लागला असेल, किंवा पाण्याची घागर उचलताना अथवा खाली वाकताना पाठीत अचानक तीव्र कळ येऊन ती काही दिवस टिकली असेल, तर मणक्याचे हाड दबले असण्याची शक्यता असते आणि एक्स-रे काढून घ्यावा. अशा वेळी मालिश करवून घेऊ नये किंवा मणका बसवून घेण्यासाठी कुणाकडे जाऊ नये. दबलेल्या मणक्यावर जोर पडल्याने इजा वाढते.